रंकाळ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायचेत? महापालिकेला परवानगीचं पत्र असं लिहा

मी कोल्हापुरात पदवीच्या मुलांना पर्यावरणशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात एखाद-दुसरा गट तलावाच्या पाण्यावर प्रकल्प घेतो. प्रयोगशाळेतलं काम मुलांना लवकर जमतं, अडतं ते परवानगीच्या पत्रापाशी. बहुतेक जण कुठून तरी मिळवलेला एकच मजकूर लिहून आणतात: 'मी अमुक महाविद्यालयाचा विद्यार्थी असून मला प्रकल्पासाठी तलावाचे पाणी हवे आहे, तरी परवानगी मिळावी ही नम्र विनंती.' पत्र सभ्य आहे, पण त्यावर कुणालाही निर्णय घेता येत नाही.

का येत नाही, हे कळण्यासाठी पत्राचा पुढचा प्रवास बघा. पत्र आयुक्तांच्या नावाने असतं. आवक विभागात त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो, मग शेरा मारून ते संबंधित विभागाकडे जातं आणि शेवटी एका लिपिकाच्या टेबलावर येतं. त्या लिपिकाला त्यावर टिपणी लिहायची असते: अर्जदार कोण, नेमकं काय मागतो, जागा आपल्या ताब्यातली आहे का, किती दिवस, धोका काय, महापालिकेला खर्च येतो का, आणि मान्यता द्यावी की नाही. टिपणी वरिष्ठांकडे जाते आणि सही होते ती त्या टिपणीवर. लिपिकाने आयुष्यात पाण्याचा नमुना घेतलेला नसतो. तुमच्या पत्रात जे नाही ते त्याला स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही. मग तो तुम्हाला खुलासा मागतो, नाहीतर कागद बाजूला राहतो.

म्हणून मी मुलांना एकच कसोटी सांगते. तुमच्या पत्रातली वाक्यं जशीच्या तशी उचलून टिपणी लिहिता आली पाहिजे. खाली रंकाळ्याचंच उदाहरण घेऊन असं पत्र सुरुवातीपासून तयार करू.

आधी तलाव कुणाचा ते बघा

रंकाळा कोल्हापूर महानगरपालिकेकडे आहे, त्यामुळे पत्र तिकडेच जाईल. पण प्रत्येक तलावाचं असं नसतं. काही तलाव जलसंपदा विभागाचे, काही ग्रामपंचायतीचे, काही देवस्थानाचे असतात. मुंबईचा तुळशी तलाव महापालिकेचा असला तरी तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, आणि त्यातून शहराला पिण्याचं पाणी जातं. तिथे वन विभागाला वगळून चालत नाही. लोणारचं सरोवर अभयारण्यात येतं, म्हणजे तिथला अर्ज नगरपरिषदेकडे नाही, वन विभागाकडे करायचा. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज क्वचितच योग्य जागी पोचतो.

सोपा उपाय म्हणजे काठावरचा फलक वाचणं. देखभाल कोण करतं, बंदी कशाची आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. पहारेकरी असेल तर तो कुणाचा माणूस आहे ते विचारा. तलावात मासेमारीचा ठेका दिलेला आहे का, हेही विचारून ठेवा. ठेका असेल तर त्या संस्थेला आधी कल्पना दिलेली बरी, कारण तुम्ही भल्या पहाटे काठावर दिसाल तेव्हा पहिला प्रश्न तेच विचारतील.

पत्राच्या आधी नमुन्याचा आराखडा

इथे मुलं उलटी चूक करतात. परवानगी मिळाली की मग ठरवू, म्हणतात. पण जागा, वेळ आणि पाण्याचं प्रमाण ठरल्याशिवाय मागायचं तरी काय? आमच्या उदाहरणातली विद्यार्थिनी बी.एस्सी. भाग दोनला आहे, गटात चार जण आहेत. तिला तपमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, नायट्रेट, फॉस्फेट आणि कोलिफॉर्म जिवाणू तपासायचे आहेत.

जागा चार घेतल्या: राजघाट, संध्यामठाची बाजू, शालिनी पॅलेससमोरचा काठ आणि शाम सोसायटी नाल्याच्या मुखाजवळचा काठ. पहिल्या तीन जागा एकमेकांपासून लांब आहेत. चौथी घेतली कारण बाहेरचं पाणी तिथून आत येतं आणि फरक दिसायचा तर तिथे दिसेल. पाचवी जागा तलावाच्या मध्यावर घ्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण त्यासाठी होडी लागते. होडी म्हटली की जीवरक्षक जॅकेट, नावाडी आणि बुडण्याची जबाबदारी हे सगळं टिपणीत येतं. काठावरून घ्यायचे नमुने असतील तर परवानगी लवकर मिळते आणि पदवीच्या प्रकल्पाला ते पुरेसे असतात. अहवालात मात्र 'काठावरचे नमुने' असंच लिहा. तलावाचं सरासरी पाणी म्हणून ते खपवू नका.

आता प्रमाण. एका जागी एक लिटरची प्लॅस्टिक बाटली, ३०० मिलिलिटरच्या काचेच्या दोन बीओडी बाटल्या, एक ऑक्सिजनसाठी आणि दुसरी बीओडीसाठी, आणि जिवाणूंसाठी २५० मिलिलिटरची निर्जंतुक बाटली लागते. म्हणजे एका जागी १.८५ लिटर, चार जागी ७.४ लिटर, आणि तीन फेऱ्यांत मिळून २२.२ लिटर. पत्रात हा आकडा असला की 'तलावातून पाणी उपसणार का?' ही शंकाच उरत नाही. आकडा नसेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर टँकरही उभा राहू शकतो.

वार कोणता घ्यायचा हे प्रयोगशाळा ठरवते. आपल्याकडे बीओडीची बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात. मंगळवारी पाणी आणलं तर वाचन शुक्रवारी येतं. गुरुवारी आणलं तर ते रविवारी येतं, आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं. म्हणून आम्ही मंगळवार धरतो. राखीव दिवस बुधवार, कारण शनिवारी आमची प्रयोगशाळा उघडी असते. तारखा ठरल्या: ५ जानेवारी, १९ जानेवारी आणि २ फेब्रुवारी २०२७. मधला २६ जानेवारी मंगळवारीच येतो, पण तो सुट्टीचा, म्हणून त्याच्या वाटेला गेलो नाही.

वेळ: पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ

ही गोष्ट मी अनुभवातून शिकले. काही वर्षांपूर्वी माझा एक गट दुसऱ्या एका गावातल्या तलावावर गेला होता. पत्रात त्यांनी तारखा लिहिल्या, वेळ लिहिली नाही. परवानगीच्या पत्रात ओळ आली, 'कार्यालयीन वेळेत नमुने घ्यावेत.' कार्यालयाचं त्यात काही चुकलं नव्हतं. त्यांना वेळ सांगितलीच नव्हती, तेव्हा त्यांनी आपली घातली. मुलं दुपारी तीनला पोचली. तलाव शेवाळाने हिरवा झालेला होता. विरघळलेला ऑक्सिजन आला लिटरला १२ मिलिग्रॅम, आणि पीएच नऊच्या वर. मुलं खूश झाली. पुस्तकात लिहिलंय, ऑक्सिजन जास्त म्हणजे पाणी चांगलं.

पण २५ अंशाला हवेतून पाण्यात विरघळू शकणारा ऑक्सिजन लिटरला साधारण आठ मिलिग्रॅमच असतो. बाराचा आकडा शेवाळाने आणलेला होता. दिवसभर उन्हात ते ऑक्सिजन सोडत असतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतं, म्हणून पीएचही वर चढतो. रात्री उलटं होतं. उजेड नाही म्हणून ऑक्सिजन तयार होत नाही, पण श्वसन चालूच राहतं. त्यामुळे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो तो पहाटे. पुन्हा परवानगी काढून तोच गट सूर्योदयाच्या वेळी गेला तेव्हा आकडा तीनच्या आसपास होता. पाणी तेच आणि घाटही तोच. दोन आठवड्यांचं काम मात्र पत्रातल्या एका न लिहिलेल्या ओळीने वाया गेलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर स्नान करण्याजोग्या पाण्यासाठी ऑक्सिजन लिटरला किमान पाच मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त तीन मिलिग्रॅम असावा लागतो. दुपारच्या आकड्यावरून तो तलाव या कसोटीला उतरला असता, पहाटेच्या आकड्यावरून नाही. म्हणून पत्रात वेळ लिहायचीच, आणि ती का, तेही एका वाक्यात सांगायचं. कारण लिहिलेलं नसेल तर ती वेळ सोयीची मागणी वाटते आणि सहज बदलली जाते.

पत्र

आता मजकूर बघा. कंसातल्या जागी तुमचा तपशील येईल.

> दिनांक: २३ नोव्हेंबर २०२६
>
> प्रति,
> मा. आयुक्त,
> कोल्हापूर महानगरपालिका, कोल्हापूर.
>
> मार्फत: मा. प्राचार्य, (महाविद्यालयाचे नाव), कोल्हापूर.
>
> विषय: शैक्षणिक प्रकल्पासाठी रंकाळा तलावाच्या काठावरून पाण्याचे नमुने घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> मा. महोदय / महोदया,
>
> मी (पूर्ण नाव), (महाविद्यालय) येथे बी.एस्सी. भाग २ मध्ये शिकत असून अभ्यासक्रमातील क्षेत्रीय प्रकल्पासाठी 'रंकाळा तलावाच्या पाण्याची हिवाळ्यातील गुणवत्ता' हा विषय घेतला आहे. प्रकल्प (मार्गदर्शकाचे नाव व पद) यांच्या मार्गदर्शनाखाली होत आहे. त्यासाठी पुढीलप्रमाणे नमुने घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> ठिकाणे: राजघाट, संध्यामठ परिसर, शालिनी पॅलेससमोरील काठ व शाम सोसायटी नाल्याच्या मुखाजवळील काठ, अशी एकूण चार. नकाशा सोबत जोडला आहे.
>
> तारखा: ५ जानेवारी, १९ जानेवारी व २ फेब्रुवारी २०२७ (मंगळवार). पावसामुळे किंवा अन्य कारणाने अडचण आल्यास लगतच्या बुधवारी.
>
> वेळ: सकाळी ६.३० ते ८.३०. पाण्यातील ऑक्सिजन दिवसभरात बदलत असून पहाटे सर्वांत कमी असतो, त्यामुळे तिन्ही वेळा याच वेळेत नमुने घेणे आवश्यक आहे.
>
> प्रमाण: प्रत्येक ठिकाणी सुमारे दोन लिटर, म्हणजे एका दिवशी आठ लिटरपेक्षा कमी व तीन दिवस मिळून सुमारे २२ लिटर.
>
> पद्धत: काठावर उभे राहून, काठीला बांधलेल्या बाटलीने पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवरून पाणी घेतले जाईल. कोणीही पाण्यात उतरणार नाही व होडीचा वापर केला जाणार नाही. मासे, वनस्पती किंवा गाळ घेतला जाणार नाही.
>
> रसायने: विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी दोन द्रावणे प्रत्येक ऑक्सिजन बाटलीत दोन-दोन मिलिलिटर जागेवरच घालावी लागतात. ती बंद पेटीत आणली जातील, बाटलीबाहेर वापरली जाणार नाहीत व सर्व बाटल्या महाविद्यालयात परत नेल्या जातील. तलावात किंवा काठावर काहीही टाकले जाणार नाही.
>
> उपस्थिती: चार विद्यार्थी (नावे सोबत) व एक शिक्षक. शिक्षक नमुने घेताना संपूर्ण वेळ हजर राहतील.
>
> या कामासाठी महानगरपालिकेकडून मनुष्यबळ, साहित्य किंवा निधीची आवश्यकता नाही. नमुन्यांची तपासणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होईल. पूर्ण झालेल्या अहवालाची एक प्रत ३० एप्रिल २०२७ पर्यंत आपल्या कार्यालयास सादर केली जाईल.
>
> तरी ५ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२७ या कालावधीसाठी लेखी परवानगी मिळावी, तसेच तलावावरील सुरक्षा कर्मचाऱ्यांना त्याबाबत कळवावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, इयत्ता, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत: १. महाविद्यालयाचे शिफारसपत्र २. ठिकाणांचा नकाशा ३. विद्यार्थ्यांची यादी व ओळखपत्रांच्या प्रती ४. हमीपत्र
>
> प्रत माहितीसाठी: पर्यावरण विभाग, कोल्हापूर महानगरपालिका.

पत्र दीड पानाचं होतं. ते एका पानात बसवायच्या नादात 'रसायने' आणि 'पद्धत' हे परिच्छेद कापू नका. कापायचंच असेल तर प्रकल्पाचं महत्त्व सांगणारी वाक्यं कापा. मुलं ती हमखास घालतात आणि टिपणीत त्यांचा काही उपयोग नसतो.

काही शब्दांबद्दल

विषयाच्या ओळीत 'प्रदूषण' हा शब्द मी घालू देत नाही. प्रदूषण लपवायचं म्हणून नव्हे. तुम्ही अजून काही मोजलेलंच नाही, म्हणून. 'प्रदूषणाचा अभ्यास' असं लिहिलं की निकाल आधीच ठरवल्यासारखा वाटतो, आणि लिपिक तो कागद तक्रार समजून दुसऱ्याच टेबलावर पाठवू शकतो. 'पाण्याची गुणवत्ता' हे शब्द खरे आहेत आणि पुरेसेही. नाल्याचंही तसंच. 'सांडपाणी मिसळते ते ठिकाण' असं न लिहिता नाल्याचं नाव लिहा. जागा कोणती ते प्रामाणिकपणे सांगायचं. तिथे काय मिसळतं ते पाणी तपासल्यावर कळेल.

रसायनांचा उल्लेख टाळावा, असं काही जण सुचवतात. माझं मत अगदी उलट आहे. ऑक्सिजनची बाटली काठावरच 'स्थिर' करावी लागते. तशीच प्रयोगशाळेत नेली तर वाटेत आकडा बदलतो. त्यासाठी मॅंगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड अशी दोन द्रावणं लागतात. त्यातलं दुसरं तीव्र क्षारीय असतं, हाताला लागलं तर भाजतं, आणि अझाइड विषारी असतं. पत्रात याचा उल्लेख नसताना पहारेकऱ्याने पहाटे तुमच्या हातात पिपेट आणि बाटल्या बघितल्या, तर तुम्ही पाण्यात काही तरी टाकताय असंच त्याला वाटेल, आणि त्याचं काय चुकलं? पत्रात लिहिलेलं असेल तर तोच कागद दाखवता येतो.

अहवालाची प्रत देण्याचं वचन द्या, पण 'निकाल कुणालाही सांगणार नाही' असं स्वतःहून लिहून देऊ नका. प्रकल्प महाविद्यालयात सादर व्हायचा असतो, कधी चर्चासत्रातही मांडावा लागतो. परवानगीत अशी अट आलीच तर मार्गदर्शकांनी भेटून 'प्रसिद्धीपूर्वी एक प्रत कार्यालयास द्यावी' असा बदल सुचवावा. हे बहुधा मान्य होतं. तुमच्या आकड्यांवरून कुणावर कारवाई होईल, अशी भीती कुणी बोलून दाखवली तर सांगा की कायदेशीर पुराव्यासाठी नमुने घेण्याची पद्धत १९७४ च्या जल कायद्यात वेगळी ठरवून दिली आहे आणि ते काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे. विद्यार्थ्याचा नमुना अभ्यासापुरता असतो.

आणखी एक. त्याच पत्रात जुन्या तपासण्यांचे आकडे, नाल्यांचे नकाशे वगैरे मागू नका. त्या माहितीचं टेबल वेगळं असतं. एका कागदावर दोन मागण्या असल्या की दुसरीचं उत्तर येईपर्यंत पहिली थांबते. त्यासाठी वेगळा अर्ज करा.

जोडपत्रं आणि पोच

'मार्फत' या शब्दाला कार्यालयात वजन आहे. प्राचार्यांची सही आणि शिक्का पत्रावरच घ्या आणि त्यांचं शिफारसपत्र वेगळं जोडा. त्यात तुम्ही त्यांचे विद्यार्थी आहात, प्रकल्प अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि शिक्षक सोबत असतील, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. हमीपत्र साध्या कागदावर चालतं का ते आधी विचारून घ्या. त्यात पाण्यात न उतरण्याची आणि स्वतःच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेतल्याचं लिहायचं. कुणी अठरा वर्षांखालचं असेल तर पालकाची सही हवी.

नकाशा हाताने काढलेला चालतो. तलावाची बाह्यरेषा, चार ठिपके, ओळखीच्या खुणा आणि उत्तर दिशा एवढं दिसलं की झालं. वाचणारा रंकाळ्यावर फिरायला जाणाराच असणार. ठिपका बघितला की जागा त्याच्या डोळ्यांसमोर येते.

सगळ्याच्या दोन प्रती करा. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच नसेल तर तुमचं पत्र शोधायला काही आधारच राहत नाही. ई-मेल केला असला तरी कागदाची पोच घ्याच.

तारीख बघा: पत्र २३ नोव्हेंबरचं आहे आणि पहिला नमुना ५ जानेवारीला. मध्ये सहा आठवडे ठेवलेत. यापेक्षा कमी वेळ ठेवून मी पत्र पाठवू देत नाही.

पाठपुरावा

चार-पाच कामकाजाच्या दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा आणि एवढंच विचारा: 'हा अर्ज कोणत्या विभागाकडे गेलाय?' तिथे गेल्यावर कुणाकडे आहे ते विचारा, आणि त्या व्यक्तीला 'साहेब, आणखी काही कागद लागेल का?' असं विचारा. परवानगी कधी मिळेल, हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही. कागद अपुरे असतील तर ते तिथेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण करता येतं. मार्गदर्शक शिक्षक एकदा तरी सोबत गेलेले बरे. मी जाते.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर स्मरणपत्र द्या. ते चार ओळींचं असावं: मूळ पत्राची तारीख, आवक क्रमांक, पहिल्या नमुन्याची तारीख आणि विनंती. मूळ पत्राची प्रत जोडा आणि यालाही पोच घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तुमच्या वेळापत्रकात तो बसत नाही, म्हणून तो अगदी शेवटचा मार्ग.

कधी कधी टेबलावरच उत्तर मिळतं, 'अहो, जा की, घ्या पाणी, त्याला परवानगी कशाला?' सांगणारा मनापासून सांगत असतो. पण पहाटे साडेसहाला घाटावर तो नसतो, आणि प्रकल्पाच्या परिशिष्टात तोंडी परवानगी लावता येत नाही. तेव्हा आभार मानून त्याच दिवशी एक छोटं पत्र आवकला द्या: 'आज दि. … रोजी आपल्या विभागाशी झालेल्या चर्चेनुसार आम्ही पत्र क्र. … मध्ये नमूद केलेल्या तारखांना नमुने घेत आहोत. काही हरकत असल्यास कृपया कळवावे.' ही लेखी परवानगी नव्हे, पण तुम्ही कळवलं होतं याचा शिक्का तुमच्या हातात राहतो. ती पुरेशी मानायची की नाही, हे प्राचार्यांनी ठरवावं.

परवानगीचं पत्र हातात आलं की दारातच उभं राहून वाचा. चार गोष्टी बघा: तलावाचं नाव, सगळ्या तारखा, वेळ आणि अटी. राखीव बुधवार त्यात आलाय का तेही बघा. वेळेऐवजी 'कार्यालयीन वेळेत' असं आलं असेल तर तिथूनच परत टेबलावर जा. तुमच्या मूळ पत्रातला वेळेचा परिच्छेद दाखवून दुरुस्ती मागा.

काठावर

मूळ पत्र महाविद्यालयात ठेवा, दोन प्रती सोबत न्या. एक पहारेकऱ्याला द्यायची, त्याच्याकडेच राहू द्या. काम सुरू करण्याआधी त्याला भेटा आणि काय करणार ते दोन वाक्यांत सांगा. फिरायला आलेले लोक थांबून विचारतात. गटातल्या एकाने फक्त उत्तरं द्यायची, बाकीच्यांनी हातातलं काम सोडायचं नाही.

पत्रात लिहिलेल्या पद्धतीनेच पाणी घ्या. दोरीला बांधलेली बादली फेकून पाणी ओढलं की त्यात हवा मिसळते आणि ऑक्सिजनचा आकडा खोटा वाढतो. काठीची बाटली हळूच बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, आणि बीओडी बाटलीत बुच लावताना एकही बुडबुडा आत राहू देऊ नका. द्रावणं फक्त ऑक्सिजनच्या बाटलीत घालायची, बीओडीच्या बाटलीत नाही. घातल्यावर बुच लावताना थोडं पाणी बाहेर सांडतं, म्हणून बाटली ट्रेमध्ये धरा. काठावर काही सांडू देणार नाही, असं तुम्ही लिहून दिलेलं आहे. तपकिरी साका तयार झाला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. हे प्रयोगशाळेत जायच्या आधी काठावरच दिसतं. जिवाणूंची बाटली मात्र आधी भरा, बाकीच्या हाताळणीआधी. ती बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच सकाळी तपासणीला लावा.

नोंदवहीत प्रत्येक जागेची खरी वेळ लिहा. परवानगीत नसलेल्या जागी केंदाळ किंवा मेलेले मासे दिसले आणि तिथलं पाणी घ्यावंसं वाटलं, तरी त्या दिवशी घेऊ नका. छायाचित्र काढा, नोंद करा आणि पुढच्या फेरीसाठी ती पाचवी जागा जोडून द्यायची विनंती करणारं पत्र पाठवा. जुना पत्र क्रमांक दिलेला असला की असं पूरक पत्र बरंच लवकर निघतं.

अहवाल तयार झाला की सुरुवातीच्या पानांत परवानगी पत्राची प्रत लावा. कबूल केल्याप्रमाणे ३० एप्रिलच्या आत एक प्रत आवक विभागात द्या. सोबतच्या पत्रात संदर्भ म्हणून परवानगीचा जावक क्रमांक लिहा, म्हणजे ती प्रत त्याच फाईलला लागते आणि पुढच्या वर्षी नवा गट अर्ज घेऊन येतो तेव्हा लिपिकाला ती फाईल काढून बघता येते.